दाखल्याचा अर्ज : दोन पानांवरून नऊ ओळींवर

मुलीला खाजगी इंग्रजी शाळेतून काढून घराजवळच्या अनुदानित मराठी शाळेत सहावीला घालायचं, हे आमच्या घरात जानेवारी २०२५ मध्ये ठरलं. कारणांच्या खोलात शिरत नाही. दर वर्षी वाढणारी फी हे एक आणि रोजचा दीड तासाचा बसप्रवास हे दुसरं. ठरवणं हाच अवघड भाग, पुढे काय, एक अर्ज द्यायचा आणि दाखला घ्यायचा, असं मला वाटत होतं. तो एक अर्ज सप्टेंबरपर्यंत पुरला. त्यातला निम्मा वेळ मी लिहिलेल्या पत्रामुळे गेला, म्हणून पत्राबद्दलच जास्त लिहिते आहे.

फेब्रुवारीत नव्या शाळेत जाऊन आले. मुख्याध्यापक सरांनी पहिल्याच भेटीत विचारलं, "जुन्या शाळेत अर्ज दिलात का?" नाही म्हटल्यावर म्हणाले, "बरं केलंत. आधी आमच्याकडून जागेचं लेखी घेऊन जा." एकदा हजेरीपटावरून नाव कमी झालं की जुनी शाळा परत घेईलच असं नाही, आणि इकडे तुकडी भरली तर मूल मधल्या मध्ये लटकतं. त्यांनी शाळेच्या लेटरहेडवर दोन ओळींचं पत्र दिलं: सहावीत जागा उपलब्ध आहे, दाखला मिळाल्यावर प्रवेश देण्यात येईल. पुढे याच पत्राने मला सगळ्यात जास्त हात दिला. बऱ्याच शाळा 'दाखला मागणी पत्र'ही देतात. त्यात नवी शाळा जुन्या शाळेला उद्देशून मुलाचा दाखला मागते. तेही मी तेव्हाच सांगून ठेवलं.

२२ मार्चला, शनिवारी, मी जुन्या शाळेत पत्र दिलं. दोन पानी होतं आणि रात्री दीड वाजता लिहिलेलं होतं, यावरून त्यात काय असेल ते कळेल. पाच वर्षांत जे जे मनात साठलं होतं ते सगळं त्यात आलं: गणिताच्या बाई वर्षात तीनदा बदलल्या, बस वेळेवर येत नाही, स्नेहसंमेलनासाठी वेगळे पैसे घेतले. विषय लिहिला होता, 'माझ्या मुलीच्या शिक्षणाबाबत'. शेवटच्या ओळीत, 'सबब आम्ही तिला शाळेतून काढत असून दाखला द्यावा ही विनंती.' क्लार्क सरांनी ते न वाचताच ट्रेमध्ये ठेवलं. पोच मागायची मला लाज वाटली. ओळखीची शाळा, रोजची माणसं. सही-शिक्का मागितला तर अविश्वास दाखवल्यासारखं होईल, असं वाटलं.

दोन आठवडे काहीच कळलं नाही. ७ एप्रिलला ऑफिसात गेले.

"कसलं पत्र, मॅडम?"

शोधाशोध झाली. पत्र मिळालं, पण ते 'पालकांच्या तक्रारी' या फायलीत लागून संस्थेच्या कार्यालयात गेलेलं होतं. विषयाची ओळ वाचून कोणीतरी तसं लावलं होतं, आणि खरं सांगायचं तर चूक त्यांची नव्हती. दोन पानांत एकोणीस ओळी तक्रारीच्या आणि एक दाखल्याची असेल, तर ते तक्रारपत्रच.

मग क्लार्क सरांनी शाळेची डायरी उघडून मला एक नियम दाखवला: पुढच्या वर्षी मूल शाळेत राहणार नसेल तर ३१ मार्चपूर्वी लेखी कळवावे, अन्यथा पहिल्या सत्राची फी भरावी लागेल. पहिल्या सत्राची फी होती १६,५०० रुपये. मी म्हटलं, माझं पत्र २२ मार्चचं आहे. ते म्हणाले, "ती तक्रार आहे. आणि तारखेचा पुरावा?" पुरावा नव्हता. ती डायरी पाच वर्षं आमच्या घरात होती आणि मी तिचं ते पान कधी उघडलं नव्हतं. तुम्ही शाळा बदलायचा विचार करत असाल तर आजच डायरी आणि प्रवेशाच्या वेळी सही केलेला फॉर्म काढून सूचनेची मुदत बघा. ती प्रत्येक शाळेत वेगळी असते.

घरी आल्यावर आधी रडून घेतलं आणि मग माझ्या मावसभावाला फोन केला. तो एका शाळेत लेखनिक आहे. तो पहिलं वाक्य बोलला ते असं: "ताई, तुझा अर्ज मुख्याध्यापक वाचत नाहीत, माझ्यासारखा माणूस वाचतो. त्याला जनरल रजिस्टर उघडून पान शोधायचंय. तेवढंच लिही."

जनरल रजिस्टर म्हणजे शाळेतलं मोठं, जाड वहीसारखं दप्तर. शाळेत आलेल्या प्रत्येक मुलाची त्यात एक ओळ असते आणि तिला एक क्रमांक असतो. दाखला म्हणजे त्या ओळीची नक्कल. दाखल्याच्या तळाशी 'वरील माहिती शाळेतील जनरल रजिस्टरप्रमाणे आहे' असं छापलेलं असतं ते यासाठीच. म्हणून अर्जात मुलाचं नाव घरातलं किंवा आधारवरचं नाही, रजिस्टरमधलं लिहायचं. रजिस्टर क्रमांक प्रगतिपुस्तकावर किंवा ओळखपत्रावर बहुधा असतो. आमच्या प्रगतिपुस्तकावर होता.

दुसरं त्याने सांगितलं ते कारणाबद्दल. दाखल्यावर 'शाळा सोडण्याचे कारण' हा रकाना असतो आणि अर्जात जे लिहाल ते बहुतेकदा जसंच्या तसं तिथे उतरतं. तो कागद मुलीबरोबर आयुष्यभर राहणार. 'शिक्षकांच्या वागणुकीमुळे' असं काही तिथे यायला नको. तक्रार करायची तर वेगळ्या कागदावर, वेगळ्या दिवशी करायची. फीचा वाद आणि अनामत रक्कमही वेगळ्या अर्जात, कारण एका कागदावर दोन मागण्या असल्या की एकीसाठी दुसरी अडून राहते.

९ एप्रिलला दिलेला दुसरा अर्ज असा होता:

प्रति, मा. मुख्याध्यापिका (शाळेचे नाव व पत्ता)

विषय : विद्यार्थिनीचे नाव कमी करून शाळा सोडल्याचा दाखला मिळणेबाबत

संदर्भ : माझे दि. २२ मार्च २०२५ चे पत्र

महोदया,
माझी मुलगी कु. (रजिस्टरप्रमाणे संपूर्ण नाव), इयत्ता ५ वी, तुकडी ब, जनरल रजिस्टर क्र. (अमुक), जून २०२० पासून आपल्या शाळेत शिकत आहे. शैक्षणिक वर्ष २०२५-२६ पासून तिला घराजवळील अनुदानित शाळेत इयत्ता ६ वीत प्रवेश घ्यायचा आहे. याची लेखी सूचना मी वरील संदर्भीय पत्राने दिलेली आहे. वार्षिक परीक्षेचा निकाल लागल्यानंतर तिचे नाव कमी करून शाळा सोडल्याचा मूळ दाखला द्यावा, ही विनंती. शाळा सोडण्याचे कारण : निवासस्थानाजवळील शाळेत प्रवेश. वर्ष २०२४-२५ अखेरची संपूर्ण फी भरलेली असून पावत्यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.

सोबत : १) फी पावत्या २) नव्या शाळेचे जागा उपलब्ध असल्याचे पत्र

खाली सही, नाव, फोन नंबर, तारीख. हाताने लिहिल्यावर मुख्य मजकुराच्या नऊ ओळी झाल्या. 'निकाल लागल्यानंतर' हे शब्द मुद्दाम घातले, कारण आधीच नाव कमी झालं असतं तर दाखल्यावर 'पाचवी उत्तीर्ण'ऐवजी 'पाचवीत शिकत होती' असं आलं असतं. संदर्भाची ओळही भावानेच सुचवली. २२ मार्चचं पत्र त्यांच्याच फायलीत होतं, त्यामुळे ते मिळालंच नाही असं शाळा म्हणू शकत नव्हती.

दोन प्रती नेल्या. क्लार्क सर म्हणाले, "पोच द्यायचा अधिकार मला नाही, बाई मीटिंगला गेल्यात." वाद घातला नाही. तिथून सरळ पोस्टात गेले आणि तोच अर्ज पोचपावतीसह रजिस्टर पोस्टाने पाठवला. पन्नास रुपयांच्या आत काम झालं. संध्याकाळी शाळेच्या अधिकृत ईमेलवर त्याचा फोटोही टाकला. १९ एप्रिलला पोचपावती शाळेच्या शिक्क्यासह घरी आली. इतका समाधान देणारा कागद मी क्वचितच पाहिला असेल.

त्या पावतीचा परिणाम लगेच दिसला. दोन दिवसांनी शाळेतून फोन आला. मात्र तो दाखल्यासाठी नव्हता, सहीसाठी होता. "अ‍ॅडमिशन फॉर्म वडिलांच्या नावाने आहे, अर्जावर त्यांची सही लागेल." जून २०२० मध्ये लॉकडाऊन होता, फॉर्म ऑनलाइन भरला होता आणि तो नवऱ्याच्या ईमेलवरून गेला होता. आईच्या सहीने का चालत नाही यावर मला बरंच काही बोलता आलं असतं. नवरा बाहेरगावी नोकरीला, पंधरा दिवसांनी येतो. तो आला तेव्हा त्याच अर्जाच्या नव्या प्रतीवर दोघांनी सह्या केल्या आणि तारीख घातली. पहिल्यापासून दोघांच्या सह्या असत्या तर हे पंधरा दिवस वाचले असते.

१ मेला निकाल लागला. ५ मेला 'नो ड्यूज'चा कागद घेऊन फिरले. ग्रंथालयाचं एक पुस्तक बाकी निघालं, ते पलंगाखाली सापडलं. बसवाल्यांची सही मिळाली. अकाउंट्सच्या खिडकीवर मात्र गाडी अडली. १६,५०० भरा, मग सही. मी पावत्या दाखवल्या. खिडकीतल्या बाईंनी शांतपणे सांगितलं, "नाहीतर शेऱ्यात 'फी बाकी' लिहून दाखला देता येईल."

या एका वाक्याने मी खरंच घाबरले. नंतर वाचताना कळलं की मद्रास उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये नेमक्या याच गोष्टीवर निकाल दिला आहे: दाखला हे फीवसुलीचं साधन नाही, त्यावर थकबाकीचा शेरा मारू नये. निकाल तमिळनाडूतला आहे, आपल्याकडच्या क्लार्कसमोर नाचवण्यात फारसा अर्थ नव्हता. पण आपण काही भलतं मागत नाही आहोत, एवढा धीर त्याने दिला.

आपल्याला थेट लागू होतं ते शिक्षण हक्क कायदा २००९ चं कलम ५. पहिली ते आठवीचं मूल दुसऱ्या शाळेत जात असेल तर मुख्याध्यापकांनी दाखला ताबडतोब द्यायचा असतो. दाखल्याला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश नाकारता किंवा लांबवता येत नाही. आणि विलंब करणाऱ्या मुख्याध्यापकांवर सेवानियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. यातली एक मेख लोक विसरतात. या कलमातला बदलीचा हक्क सरकारी, स्थानिक संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेत जाण्यासाठी आहे. विनाअनुदानित खाजगी शाळा त्यातून स्पष्टपणे वगळल्या आहेत. एका खाजगी शाळेतून दुसऱ्या खाजगी शाळेत जाताना हे कलम टेबलावर ठेवलं तर समोरचा माहीतगार माणूस ते उचलून बाजूला ठेवेल. आमची मुलगी अनुदानित शाळेत चालली होती, म्हणून नव्या शाळेचं ते दोन ओळींचं पत्र इतकं कामाचं ठरलं.

मुख्याध्यापिका बाईंना भेटले. माणूस म्हणून चांगल्या आहेत. "माझ्या हातात असतं तर आजच दिला असता," म्हणाल्या आणि वर बोट दाखवलं. वर म्हणजे संस्था. मग १३ मेला पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या नावे एक पानी अर्ज दिला. त्यात शाळेवर आरोप काहीच केले नाहीत. कोणत्या तारखेला काय दिलं, काय उत्तर मिळालं, एवढंच लिहिलं, आणि पोचपावती, पावत्या, डायरीच्या त्या पानाची झेरॉक्स जोडली. इथे पोच मागायला लाज वाटली नाही. आवक क्रमांक घालून शिक्का मारलेली प्रत दोन मिनिटांत मिळाली. सरकारी कार्यालयाची एवढी एक सवय खाजगी शाळांनी घ्यायला हरकत नाही.

पुढच्या आठवड्यात दोन चकरा झाल्या. दुसऱ्या वेळी विस्तार अधिकारी जागेवर भेटले. त्यांनी कागद चाळले, २२ मार्चच्या पत्राच्या शेवटच्या ओळीवर पेन्सिलीने रेघ मारली आणि माझ्यासमोरच शाळेत फोन लावला. माझ्या कानावर पडलं ते एवढंच: "तारीख मुदतीतली आहे, सर. विषय काय लिहिलाय ते सोडा, मजकूर वाचा." १६,५०० चा विषय तिथे संपला. ज्या ओळीला मी शेवटी कोपऱ्यात टाकलं होतं तिनेच वाचवलं. ती नसती तर पैसे भरावे लागले असते, असं मला आजही वाटतं.

पण तोवर २६ मे उजाडला होता. दाखला शाळा उघडल्यावर मिळेल, असं उत्तर आलं, कारण बाई सुट्टीवर आणि सही त्यांचीच लागते. म्हणून सांगते, अर्जाची सगळी लढाई एप्रिलमध्ये संपवा. मे महिन्यात ऑफिस उघडं असतं, पण सही करणारं माणूस गावाला गेलेलं असतं.

१६ जूनला, सोमवारी, नवी शाळा सुरू झाली आणि लेक दाखल्याशिवायच वर्गात बसली. मुख्याध्यापक सरांनी पाचवीचं प्रगतिपुस्तक, जन्मदाखला आणि आधारची प्रत घेतली आणि दाखला मिळताच आणून देऊ असं हमीपत्र लिहून घेतलं. कलम ५ चं नाव मी काढायच्या आतच म्हणाले, "दाखला येईल तेव्हा येईल, पोरीचं बुडायला नको." पहिल्या दिवशी तिने घरी येऊन एवढंच सांगितलं की इथे डबा वर्गात नाही, झाडाखाली खातात.

२४ जूनला जुन्या शाळेत दाखला हातात पडला. दोनशे रुपये घेतले, पावती दिली. मी तिथेच बाकावर बसून तो ओळीने वाचला, हे माझ्या हातून घडलेलं एकमेव पहिल्याच फटक्यात बरोबर असलेलं काम. मातृभाषा : इंग्रजी. जन्मस्थळाच्या रकान्यात गावाचं नाव होतं, तालुका आणि जिल्हा कोरे.

शिपाई मामा माझ्या खांद्यावरून डोकावून म्हणाले, "ताई, घरात इंग्रजी बोलता का काय?" मला हसू आवरेना. इंग्रजी माध्यम बघून कोणीतरी मातृभाषा ठोकून दिली होती.

हसण्यावारी नेण्यासारखं मात्र ते नव्हतं. जात, जन्मस्थळ, जन्मतारीख या नोंदी पुढे जातीच्या दाखल्यापासून वेगवेगळ्या ठिकाणी पुरावा म्हणून मागितल्या जातात. दाखल्यावर खाडाखोड चालत नाही. नोंदीत अनधिकृत बदल केल्यास कारवाई होईल, असं त्यावरच छापलेलं असतं. मूल शाळेतून गेल्यावर मूळ रजिस्टरमधली नोंद बदलायची तर फार लांबचा रस्ता आहे, त्यासाठी शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. म्हणून मी आधी रजिस्टर दाखवायची विनंती केली. सुदैवाने रजिस्टरमध्ये मातृभाषा मराठी होती आणि तालुका, जिल्हाही होते. म्हणजे चूक नकलेत होती, मुळात नव्हती. असं असेल तर शाळा तो दाखला रद्द करून नवा देऊ शकते. २७ जूनला नवा मिळाला. तुम्हाला सांगायचं तर रजिस्टरची नोंद अर्ज देतानाच, म्हणजे मूल अजून त्या शाळेत असताना, बघून घ्या.

मूळ दाखला नवी शाळा ठेवून घेते, परत मिळत नाही. जमा करण्याआधी मी पाच रंगीत झेरॉक्स काढल्या आणि स्कॅन करून ठेवला. हरवला तर द्वितीय प्रत मिळते, पण त्यासाठी प्रतिज्ञापत्र वगैरे सोपस्कार आले.

कागद संपला असं वाटलं, तेव्हा संगणक सुरू झाला. युडायस प्लस या शाळांच्या सरकारी पोर्टलवर प्रत्येक मुलाला अकरा अंकी कायमस्वरूपी क्रमांक असतो, त्याला शाळेत 'पेन नंबर' म्हणतात. जुन्या शाळेने मुलीचं नाव तिथून सोडून 'ड्रॉपबॉक्स'मध्ये टाकलं की नवी शाळा तो क्रमांक आणि जन्मतारीख घालून ते आपल्याकडे ओढून घेते. राज्याच्या सरल पोर्टलवर तेव्हा वेगळी विनंती पाठवावी लागत होती, ती जुन्या शाळेने मान्य करायची. आमच्या जुन्या शाळेने जुलैभर यातलं काहीच केलं नाही. मुलगी एका शाळेत बसत होती आणि संगणकात दुसऱ्या शाळेत होती. पालक म्हणून आपल्याला याने फरक पडत नाही असं वाटतं, पण अनुदानित शाळेची संचमान्यता, म्हणजे किती शिक्षकांची पदं मिळणार हे, ३० सप्टेंबरच्या पटावर ठरतं. एकेक नाव मोलाचं असतं. सरांनी दोनदा विचारलं, तेव्हा मीच जुन्या शाळेला तिसरा अर्ज केला, या वेळी चार ओळींचा: दाखला क्रमांक, दाखल्याची तारीख, पेन नंबर, आणि ऑनलाइन नाव मुक्त करावे ही विनंती. पेन नंबर दाखल्याच्या अर्जातच मागून घेतला असता तर ही चकरही वाचली असती.

अनामत रकमेचे पाच हजार ऑगस्टच्या शेवटी आले, मूळ पावती जमा केल्यावर. ती पावती २०२० ची होती आणि घरात सापडली हाच चमत्कार.

११ सप्टेंबरला दुपारी नव्या शाळेच्या लेखनिक बाईंचा फोन आला. "मॅडम, नाव आलं बरं का आमच्याकडे. आणि मातृभाषेत इथेही इंग्रजी दाखवतंय. करू ना दुरुस्त?"